चौथी रेषा एकटीच परतते

*ठाण्यात राहते, वय ३९. नवरा आठ महिन्यांपूर्वी वेगळा राहायला गेला, आता पुण्यात असतो. मारहाण, व्यसन असलं काही नव्हतं. 'मला थोडा वेळ हवाय' म्हणाला आणि गेला. मी एक दिवसाआड मेसेज करते, उत्तर येतं 'बघू'. मैत्रिणीने आय चिंग शिकवलं, नाणी टाकून उत्तर शोधायचा तो प्राचीन चिनी ग्रंथ. 'तो परत येईल का?' असं विचारून तीन नाणी सहा वेळा टाकली. बेरजा आल्या ७, ८, ८, ६, ८, ८. म्हणजे चोविसावी आकृती, 'परतणे'! मला रडूच आलं. सात दिवसांत परत येणं असं त्यात लिहिलंय. आज अठरा दिवस झाले. शिवाय चौथ्या रेषेत 'एकटाच परततो' आहे, ते वाचून पोटात गोळा आला. म्हणून पुन्हा नाणी टाकली तर भलतंच काही आलं. सासूबाई म्हणतात धीर धर, दादा म्हणतो वकील गाठ, मैत्रिणी म्हणतात विसर त्याला. माझे शिवणाचे क्लास तेव्हापासून बंद आहेत, लक्षच लागत नाही. थांबू, की पुण्याला जाऊन त्याच्या दारात उभी राहू?*

*— नाव छापू नये*

दारात जाऊन उभ्या राहू नका. आणि आत्ता चाललंय तसं थांबूही नका. हे दोन्ही मी तुमच्याच आकृतीवरून म्हणते आहे, कसं ते सांगते.

आधी मांडणी तपासू, कारण या आकृतीत एक चूक फार सहज होते. आय चिंगमध्ये रेषा खालून वर काढतात, पहिल्या फेकीची रेषा सगळ्यात खाली. छाप्याला ३ आणि काट्याला २ धरले की तुमची पहिली बेरीज ७, म्हणजे अखंड रेषा. बाकीच्या पाचही तुटक, आणि त्यांतली चौथ्या फेकीची ६ म्हणून बदलती, म्हणजे पुढे अखंड होणारी. तळाशी एक अखंड रेषा आणि तिच्यावर पाच तुटक, ही खरोखरच चोविसावी, चिनी नाव 'फू'. हेच आकडे तुम्ही वरून खाली लिहिले असते तर अखंड रेषा माथ्यावर गेली असती आणि तेविसावी आकृती मिळाली असती. ती झडण्याची, कोसळण्याची. दोन्ही आकृत्या एकमेकींच्या उलट्या आहेत, त्यामुळे नवशिक्या हातून त्यांची अदलाबदल होते. तुम्ही बेरजा टाकल्या त्या क्रमाने लिहिल्यात, म्हणून 'फू' आली हे मी खात्रीने म्हणू शकते.

आता या आकृतीत परततं कोण? तुम्ही नाव वाचलंत आणि त्या जागी लगेच नवऱ्याला उभं केलंत. तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण चित्र बघा. तेविसाव्या आकृतीत माथ्यावर उरलेली एकच अखंड रेषा शेवटी गळून पडते आणि चोविसाव्यात तळाशी पुन्हा उगवते. वरचा भाग पृथ्वीचा, खालचा मेघगर्जनेचा, म्हणजे जमिनीच्या पोटात गर्जना आहे आणि वर अजून काही ऐकू येत नाही. बाहेरगावी गेलेला माणूस दार ठोठावतो आहे, असं हे चित्र नाही. जे संपल्यासारखं वाटत होतं ते आपल्याच मुळाशी पुन्हा हलायला लागलं आहे, असं आहे.

जुन्या चीनमधले जाणकार ही आकृती अशीच वाचत. 'झुओ च्वान' या प्राचीन इतिहासग्रंथात इसवी सनपूर्व ५४५ मधला एक प्रसंग आहे. झेंग नावाच्या छोट्या राज्याचा मंत्री यू जी बलाढ्य चू राज्याकडे निघाला होता. 'तुझ्या राजालाच स्वतः येऊ दे' असं म्हणून त्याला वाटेतूनच माघारी पाठवण्यात आलं. घरी आल्यावर तो म्हणाला की चूच्या राजाचं काही खरं नाही, आणि दाखला दिला तो याच आकृतीच्या सहाव्या रेषेचा, परतण्याची वाट चुकलेल्याच्या रेषेचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: राजाला हवं ते सगळं पदरात पाडून घ्यायचं आहे, पण त्याने स्वतःचं मूळच टाकून दिलं आहे, मग तो परतणार कुठे? ही सहावी रेषा तुम्हाला आलेली नाही, तिची धास्ती घेऊ नका. मी प्रसंग सांगितला तो यू जीच्या प्रश्नासाठी. त्याने राजाकडे कोण परत येईल हे विचारलं नाही, राजाला परतायला स्वतःची जागा उरली आहे का, हे विचारलं. तुमच्या पत्रातलं शिवणाच्या क्लासचं वाक्य मी म्हणूनच दोनदा वाचलं.

सात दिवसांचं मात्र मनातून काढून टाका. तुम्ही कॅलेंडरवर खुणा करत बसला असाल याचं मला फार वाईट वाटतं. मूळ मजकुरात सात दिवस आहेत हे खरं, पण त्या तारखा नाहीत. आकृतीला सहा रेषा, सहा पायऱ्या संपल्या की सातवी नव्या फेऱ्याची, हा एक अर्थ लावतात. दुसरा अर्थ महिन्यांचा आहे. चिनी पंचांगात पाचव्या महिन्याच्या आकृतीत पहिली तुटक रेषा तळातून शिरते आणि अकराव्या महिन्याची आकृती 'फू' असते, पाचपासून अकरापर्यंत मोजले तर सात. शिवाय हे सात दिवस या ग्रंथात इतरत्रही येतात. त्रेसष्टाव्या आकृतीत एका बाईचा गाडीवरचा पडदा हरवतो आणि तिला सांगितलं जातं की पाठलाग करू नकोस, सात दिवसांत मिळेल. एक्कावन्नाव्यात हरवलेल्या धनाबद्दल जवळपास हेच शब्द आहेत. एक फेरा पूर्ण होऊ दे, असं सांगायची ती त्या ग्रंथाची पद्धत आहे. या दोन्ही ठिकाणी सात दिवसांच्या आधी 'मागे धावू नकोस' येतं, ते आय चिंगच्या ॲपवर कुणी ठळक छापत नाही.

अकरावा महिना म्हणजे सर्वांत मोठ्या रात्रीचा, डिसेंबरातल्या अयनदिनाचा महिना. आकृतीवरच्या जुन्या भाष्यात म्हटलं आहे की पूर्वीचे राजे त्या दिवशी वेशी आणि घाट बंद ठेवत, व्यापारी वाटेला लागत नसत, राजा मुलखाच्या पाहणीला निघत नसे. उजेड परत फिरलाय, पण इतका कोवळा आहे की त्याला धावपळ सोसणार नाही. उत्तर चीनमध्ये अयनदिनापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजायची रीत आहे, आणि सर्वांत कडाक्याची थंडी तिसऱ्या गटाच्या सुमाराला पडते असं मानतात. म्हणजे दिवस मोठा व्हायला लागल्यानंतरही गारठा वाढतच जातो. 'फू' आली आणि त्यानंतरचे अठरा दिवस आधीपेक्षा वाईट गेले, यात आकृती खोटी ठरली असं काही नाही. उद्यापासून सगळं बरं होईल असं ती म्हणतच नव्हती.

आता चौथी रेषा. तुमचं उत्तर याच रेषेत आहे. बाराव्या शतकातल्या झू शी या पंडिताने घालून दिलेला आणि अजून बहुतेकजण पाळतात तो नियम असा की एकच रेषा बदलती असेल तर त्या रेषेचा मजकूर हे मुख्य उत्तर. तुमच्या रेषेचा मजकूर चारच अक्षरांचा आहे: मधोमध चालत असता एकटाच परततो. ज्या 'एकटा'ने तुमच्या पोटात गोळा आला, तो नीट पाहू.

पहिली गोष्ट, या आकृतीच्या सहा रेषांपैकी पाचांना निवाडा जोडलेला आहे. पहिली अत्यंत शुभ, दुसरी शुभ, तिसरीत धोका आहे पण दोष नाही, पाचवीत पस्तावा नाही, सहावी अशुभ. फक्त चौथीपुढे काहीही नाही, शुभ नाही आणि अशुभही नाही. तुम्ही तिथे जी शिक्षा वाचलीत ती ग्रंथात लिहिलेली नाही, ती तुमच्या भीतीने भरून काढली.

दुसरी गोष्ट जागेची. पाच तुटक रेषांमध्ये चौथी बरोबर मधली, दोन तिच्या वर आणि दोन खाली. 'मधोमध चालत' ते याचसाठी. आणि आय चिंगच्या हिशेबात पहिलीची जोडी चौथीशी, दुसरीची पाचवीशी, तिसरीची सहावीशी जुळते. त्यामुळे त्या पाच जणींत एकटी चौथीच तळाच्या अखंड रेषेशी थेट जोडलेली आहे. बाकीच्या घोळक्याने जातात, ही घोळक्यातून चालता चालता त्या एका रेषेकडे वळते. इथल्या 'एकटा'चा अर्थ टाकून दिलेला असा नाही, सोबतच्यांची वाट सोडून स्वतःच्या खात्रीने वळलेला असा आहे. भाष्यही तेवढंच सांगतं, की तो योग्य मार्गाला अनुसरतो म्हणून परततो.

आता तुमच्याभोवतीचा घोळका बघा. सासूबाईंचा धीर, दादाचा वकील, मैत्रिणींचं 'विसर'. सगळ्यांचा जीव तुमच्यावर आहे आणि प्रत्येकजण आपापल्या दिशेला ओढतो आहे. त्यात पुण्याहून येणारा 'बघू' धरला तर तुमचं स्वतःचं मत पत्रात कुठेच सापडत नाही. तुम्हाला तो हवा आहे हे कळतं. पण कशा प्रकारे हवा, कोणत्या अटीवर, तुमच्यात काय बिनसलं होतं असं तुम्हाला वाटतं, याबद्दल एक ओळ नाही. चौथी रेषा तुम्हाला या घोळक्यातून एकटीने वळायला सांगते, असं मी वाचते.

याचं दुसरं वाचनही होऊ शकतं आणि ते तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. खालच्या तीन रेषा विचारणाऱ्याच्या, वरच्या तीन समोरच्याच्या असं धरण्याची जुनी पद्धत आहे. तसं पाहिलं तर हललेली रेषा वरच्या भागात, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या बाजूला पडते. कुणी सांगेल, बघा, तोच वळतोय. पण हे मान्य केलं तरी रेषा एवढंच म्हणते की तो स्वतःच्या योग्य वाटेला एकटा परततो. ती वाट ठाण्याला येते की नाही, हे त्या चार अक्षरांत नाही. नाणी तुमच्या हातातून पडतात, ती त्याच्या मनातली बातमी आणत नाहीत. तो येईल असंही मी या मांडणीवरून सांगणार नाही आणि येणार नाही असंही नाही. कुणी पैसे घेऊन छातीठोकपणे सांगू लागलं तर तिथून उठा.

चौथी रेषा बदलली की आकृती एक्कावन्नावी होते, वर-खाली दोन्हीकडे मेघगर्जना. जमिनीखाली दबलेला आवाज उघड्यावर येतो. तिच्या मजकुरात एक दृश्य आहे: गर्जनेने शंभर ली अंतरापर्यंत माणसं हादरतात, पण पूजाविधी करणाऱ्याच्या हातातली पळी आणि सुगंधी मद्य सांडत नाही. याचा अर्थ मी असा घेते की पुढे काहीतरी स्पष्ट बोललं जाणार आहे आणि ते ऐकताना दचकायला होईल. ते बोलणं तुम्ही सुरू करा, आणि हातातली पळी घट्ट धरूनच सुरू करा.

दुसऱ्यांदा टाकलेल्या नाण्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. तुम्ही बेरजा पाठवल्या असत्या तरी वाचल्या नसत्या. चौथ्या आकृतीतच हा नियम आहे: पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणं हा उपमर्द, त्याला उत्तर नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी नियम शहाणपणाचा आहे. चौसष्ट आकृत्या आहेत, त्यामुळे टाकत राहिलात तर हवी ती कधीतरी येणारच, आणि तेव्हा तिच्यावर तुमचाच विश्वास बसणार नाही. प्रश्नही बदलायला हवा. 'तो परत येईल का' यात करणारा तो आहे, तुम्ही नुसत्या बघणाऱ्या. अशा प्रश्नाला आय चिंगकडून कामाचं उत्तर क्वचित मिळतं. 'मी त्याला स्पष्ट विचारलं तर कशाला सामोरी जाईन' हा प्रश्न चालतो.

आता काय करायचं ते. एक दिवसाआडचे मेसेज आजपासून थांबवा. त्याला धडा शिकवायला नाही आणि त्याने घाबरून फोन करावा म्हणूनही नाही, कारण मग ते थांबणं म्हणजे गप्प राहून केलेला पाठलागच होईल. वेशी बंद करायच्या त्या आतलं कोवळं जपायला. 'बघू' हे उत्तर तुमच्या मेसेजांमुळेच शक्य होतं. 'कसा आहेस', 'जेवलास का' याला 'बघू'पलीकडे काही द्यावंच लागत नाही.

मग एका वहीत तीन गोष्टी लिहून काढा, कुणालाही न दाखवता. जाण्याआधीच्या वर्षात तुम्हाला घरात काय खटकत होतं. तो आलाच तर काय बदललेलं हवं. आणि तो नाही आला तर घरभाडं किंवा हप्ता, खर्च, राहणं कसं चालेल. तिसरं लिहिताना हात अडखळेल, तरी आकड्यांसकट लिहा. दादाच्या वकिलाला भेटायलाही हरकत नाही. भेटणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. आपले हक्क काय आहेत हे माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही. सासूबाईंना मात्र नम्रपणे सांगा की हा निरोप त्यांनी न्यायचा नाही.

लिहून झालं की नवऱ्याला एकच मेसेज करा, साधारण असा: 'आठ महिने झाले. आपल्याला पुढे एकत्र राहायचं आहे की नाही, यावर मला समोरासमोर बोलायचं आहे. या महिन्यातला कोणताही रविवार सांग. तुला बोलायचं नसेल तर तसंही स्पष्ट कळव.' यात विनवणी नाही, धमकीही नाही, आणि 'बघू' हे याचं उत्तर होऊ शकत नाही. आकृतीच्या मुख्य मजकुरात 'कुठेतरी निघणं हिताचं' असंही आहेच. निघायचं ते असं, बोलावून आणि ठरवून. भेट त्याच्या घरी नको आणि तुमच्याही नको. पुण्या-ठाण्याच्या मध्ये कुठेतरी दोघांना बसून बोलता येईल अशी जागा ठरवा. दोघांचीही तयारी असेल तर विवाह समुपदेशकाकडेच भेटा. महिना उलटूनही उत्तर नाही आलं, तर ते न येणं हेच उत्तर धरून वहीतल्या तिसऱ्या पानावरून पुढचं ठरवा.

आणि शिवणाचे क्लास सुरू करा, त्या मेसेजच्या आधी. मन रमावं म्हणून सांगत नाही. यू जीचा प्रश्न तुम्हालाही लागू आहे. नवरा रविवारी समोर बसेल तेव्हा तिथे येणाऱ्या बाईकडे परतायला स्वतःचं काही असलं पाहिजे, नाहीतर तो जे देईल त्याला तुम्ही 'हो' म्हणाल. सगळ्या जुन्या विद्यार्थिनी येणार नाहीत. दोघी आल्या तरी सुरू करा, वार आणि वेळ ठरवून.

भेट झाली, किंवा महिना संपला, की परिस्थिती खरोखर बदललेली असेल. तेव्हा नव्या प्रश्नाला नाणी टाकायला हरकत नाही. बेरजा पहिल्या फेकीपासून क्रमाने लिहा आणि प्रश्न नाणी टाकण्याआधी लिहून ठेवा, नंतर नाही. मला पाठवल्यात तर मी नक्की वाचेन.